ग्रुप बी स्ट्रेप: छत्तिसाव्या आठवड्यातील स्वॅब, कळांमधील पेनिसिलिन आणि बाळाचे पहिले तीन महिने

अमेरिकेत बाळंतपण होणाऱ्या मराठी मुलींच्या आया भारतातून मदतीला येतात, तेव्हा गरोदरपणाच्या नवव्या महिन्यातील एका तपासणीचे नाव त्या बहुधा पहिल्यांदाच ऐकतात. ‘ग्रुप बी स्ट्रेप पॉझिटिव्ह’ असा अहवाल आला की घरात काळजीचे वातावरण पसरते. मुलीला संसर्ग झाला कुठून, स्वच्छतेत काही कमी पडले का, आता लगेच औषध का देत नाहीत, असे प्रश्न सुरू होतात. मी प्रसूती कक्षात परिचारिका म्हणून काम करते आणि हे प्रश्न मला फोनवर मराठीतूनच विचारले जातात. या विषयात घड्याळाला किती महत्त्व आहे, हे आधी समजले तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात, म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहीत आहे.

हा जिवाणू असतो कुठे

ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस हा निरोगी माणसाच्या आतड्यात राहणारा जिवाणू आहे. स्त्रियांमध्ये तो गुदद्वाराजवळून योनिमार्गात येतो, काही आठवडे राहतो, कधी आपोआप नाहीसा होतो आणि पुन्हा येतो. अमेरिकेत साधारण दर चार गरोदर स्त्रियांपैकी एकीच्या अंगात तो सापडतो. दक्षिण आशियात हे प्रमाण त्याहून कमी आढळते. हा लैंगिक आजार नाही, अस्वच्छतेचे लक्षण नाही, आणि नवऱ्याने औषध घेऊन त्यात काही फरक पडत नाही. बाईला स्वतःला बहुतेक वेळा कसलाच त्रास नसतो, अंगावरून पांढरे जाणे किंवा खाज याच्याशीही त्याचा संबंध जोडू नये.

धोका बाळाला असतो, आणि तोही मुख्यतः जन्माच्या वेळी. पाणमोट फुटल्यावर जिवाणू वर गर्भजलात चढतात, किंवा बाळ खाली सरकताना ते त्याच्या नाकातोंडात जातात. उपचार न घेतलेल्या वाहक मातांच्या बाळांपैकी सुमारे निम्म्या बाळांच्या अंगावर जिवाणू येतात, पण त्यातील फार थोडी बाळे आजारी पडतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या आकड्यांनुसार, वाहक मातेला कळांमध्ये औषध मिळाले नाही तर तिच्या बाळाला पहिल्या आठवड्यात आजार होण्याची शक्यता 200 मध्ये एक असते, आणि औषध मिळाले तर ती 4,000 मध्ये एक इतकी खाली येते. ज्या बाळाला आजार होतो त्याच्या फुप्फुसात, रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात जंतू शिरतात आणि काही तासांत प्रकृती ढासळू शकते. म्हणून 200 मध्ये एक हा आकडा लहान दिसला तरी आम्ही तो लहान मानत नाही.

पहिली पायरी: स्वॅब केव्हा आणि कसा

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 पासून ही तपासणी 36 आठवडे पूर्ण झाल्यापासून 37 आठवडे 6 दिवसांपर्यंत करावी असे सांगितले आहे. त्याआधी 35 वा आठवडाही चालत असे. बदल करण्यामागचे कारण साधे आहे. जिवाणू येतो-जातो, त्यामुळे अहवाल पाच आठवड्यांपर्यंतच भरवशाचा धरतात. 36 व्या आठवड्यात स्वॅब घेतला तर तो 41 व्या आठवड्यापर्यंत पुरतो. तोवर प्रसूती झाली नाही तर स्वॅब पुन्हा घ्यावा लागतो, आणि पुष्कळ वेळा ही आठवण गरोदर बाईनेच करून द्यावी लागते.

कापसाची लांब काडी प्रथम योनीच्या खालच्या भागात, म्हणजे अगदी तोंडाशीच, फिरवतात आणि मग तीच काडी किंवा दुसरी काडी गुदद्वाराच्या आत थोडी घालून फिरवतात. त्यासाठी तपासणीचे धातूचे किंवा प्लॅस्टिकचे उपकरण आत घालावे लागत नाही, आणि नीट समजावून सांगितले तर बाई स्वतःही हा स्वॅब घेऊ शकते. दुसरा भाग संकोचापोटी टाळला जातो, पण जिवाणूचे मूळ घर आतडे आहे. केवळ योनीतून घेतलेल्या स्वॅबमध्ये तो हुकण्याची शक्यता बरीच वाढते.

प्रयोगशाळेत ही काडी आधी एका पोषक द्रवात, म्हणजे एनरिचमेंट ब्रॉथमध्ये, 18 ते 24 तास ठेवतात, ज्यात इतर जंतू दाबले जातात आणि हाच जिवाणू वाढतो. त्यानंतर कल्चर किंवा जनुकीय चाचणी करतात. भारतात ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी लागते. तेथे ही तपासणी सर्व गरोदर स्त्रियांची सरसकट होत नाही, आणि ‘व्हजायनल स्वॅब कल्चर’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी नेली तर प्रयोगशाळा नेहमीचे कल्चर करते, ज्यात ग्रुप बी स्ट्रेप निसटू शकतो. तपासणी हवी असेल तर डॉक्टरांशी बोलून चिठ्ठीवर ‘ग्रुप बी स्ट्रेप स्क्रीनिंग, योनी व गुदमार्ग, एनरिचमेंट ब्रॉथसह’ असे स्पष्ट लिहून घ्यावे.

पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यास ती स्वॅबच्या वेळीच सांगितली पाहिजे, कारण मग प्रयोगशाळा त्या जिवाणूवर क्लिंडामायसिन हे पर्यायी प्रतिजैविक चालते का, हेही तपासते. कळा सुरू झाल्यावर हे विचारत बसायला वेळ नसतो.

दोन स्त्रियांना स्वॅबची गरज नसते, कारण त्यांना कळांमध्ये औषध द्यायचे हे आधीच ठरलेले असते: जिच्या याच गरोदरपणात लघवीच्या तपासणीत हा जिवाणू सापडला आहे ती, आणि जिच्या आधीच्या बाळाला या जिवाणूचा गंभीर आजार झाला होता ती. लघवीतील जंतूंवर तिसऱ्या महिन्यात गोळ्या घेऊन अहवाल स्वच्छ आला असला, तरी कळांमधील औषध रद्द होत नाही. ही माहिती जुन्या कागदात पडून राहते, म्हणून प्रत्येक भेटीत ती पुन्हा सांगावी.

पॉझिटिव्ह आला, मग लगेच गोळ्या का नाहीत

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आजी विचारते, आणि प्रश्न योग्य आहे. 36 व्या आठवड्यात तोंडाने प्रतिजैविके दिली तर जिवाणू तात्पुरते कमी होतात, पण आतड्यातील साठा राहतो आणि प्रसूतीपर्यंत योनिमार्ग पुन्हा भरतो. बाळाचा जिवाणूशी संपर्क ज्या काही तासांत येतो, त्याच तासांत आईच्या रक्तात, वारेतून बाळाच्या रक्तात आणि गर्भजलात औषध पोचलेले असले पाहिजे. यासाठी ते शिरेतून द्यावे लागते. कळांमध्ये शिरेतून अ‍ॅम्पिसिलिन दिले तर बाळे वाचतात, हे शिकागो येथील केनेथ बॉयर आणि सॅम्युएल गॉटॉफ यांनी 1986 मध्ये दाखवून दिले. 1996 मध्ये अमेरिकेत पहिल्या राष्ट्रीय सूचना आल्या आणि 2002 पासून सर्व गरोदर स्त्रियांची तपासणी सुरू झाली. 1990 च्या सुमारास दर हजार जिवंत जन्मांमागे 1.8 बाळांना पहिल्या आठवड्यात हा आजार होत असे. 2015 मध्ये तो आकडा 0.23 वर आला.

ठरवून सिझेरियन होणार असेल, कळा सुरू नसतील आणि पाणमोट शाबूत असेल, तर या जिवाणूसाठी वेगळे पेनिसिलिन लागत नाही. तरीही स्वॅब घ्यावा, कारण ठरलेल्या तारखेच्या आधी कळा किंवा पाणी यांपैकी काहीही सुरू होऊ शकते.

दुसरी पायरी: पाणी गेल्यावर किंवा कळा सुरू झाल्यावर

समजा, न्यू जर्सीत राहणाऱ्या एका स्त्रीचे हे पहिले बाळंतपण आहे. 36 आठवडे 4 दिवस असताना स्वॅब घेतला, अहवाल पॉझिटिव्ह आला. 39 आठवडे 2 दिवस असताना रात्री 1 वाजून 10 मिनिटांनी झोपेत पाणी जाते. कळा नाहीत. नेहमीचा सल्ला असतो की पहिलटकरणीने कळा पाच-पाच मिनिटांवर येईपर्यंत घरी थांबावे, आणि शेजारपाजारचेही तेच सांगतात. पण पॉझिटिव्ह स्त्रीने पाणी गेल्यावर थांबायचे नसते. तिने लगेच फोन करून तीन वाक्ये सांगायची: पाणी अमुक वाजता गेले, मी ग्रुप बी स्ट्रेप पॉझिटिव्ह आहे, मला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे किंवा नाही. पाण्याचा रंग हिरवट असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर तेही सांगायचे.

ती 2:30 ला दाखल होते. सलाइनची सुई लावून 3:05 ला पेनिसिलिनचा पहिला डोस सुरू होतो: 50 लाख युनिट, लहान पिशवीत मिसळून साधारण अर्ध्या तासात. या औषधाने शिरेत चुरचुरते, कधी हात खांद्यापर्यंत दुखतो. ते अ‍ॅलर्जीचे लक्षण नाही. परिचारिकेला सांगितले की ती वेग कमी करते किंवा सोबत साधे सलाइन सोडते. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास कोंडणे किंवा घेरी येणे मात्र तत्काळ ओरडून सांगण्याच्या गोष्टी आहेत. अशी तीव्र अ‍ॅलर्जी फार विरळ आहे आणि प्रसूती कक्षात तिच्यावरचे औषध हाताशी असते.

त्यानंतर दर चार तासांनी 25 ते 30 लाख युनिट, बाळ जन्मेपर्यंत. म्हणजे दुसरा डोस 7:05 ला आणि तिसरा 11:05 ला. दरम्यान कळा आणण्यासाठी ऑक्सिटोसिन सुरू केले जाते, कारण पॉझिटिव्ह स्त्रीत पूर्ण दिवसांचे पाणी गेल्यावर वाट पाहत बसणे बाळाच्या हिताचे नसते. दुपारी 1:40 ला बाळ जन्मते. पहिल्या डोसपासून जन्मापर्यंत साडेदहा तासांहून जास्त वेळ गेला, म्हणजे बाळाला पुरेसे संरक्षण मिळाले.

‘पुरेसे’ या शब्दाची व्याख्या अशी आहे: पेनिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन किंवा सेफाझोलिन यांपैकी एकाचा पहिला डोस जन्मापूर्वी किमान चार तास आधी. किती डोस झाले यापेक्षा पहिला डोस कधी सुरू झाला, हे बालरोगतज्ज्ञ पाहतात. ती वेळ सोबतच्या व्यक्तीने कागदावर लिहून ठेवावी.

आता त्याच स्त्रीचे दुसरे बाळंतपण पाहू. प्रत्येक गरोदरपणात तपासणी नव्याने करायची असते. मागच्या वेळी पॉझिटिव्ह असलेली स्त्री पुन्हा पॉझिटिव्ह येण्याची शक्यता साधारण निम्मी असते. समजा ती पुन्हा पॉझिटिव्ह आली. पहाटे 5 ला कळा, 6:10 ला रुग्णालय, 6:30 ला पहिला डोस आणि 8:20 ला बाळ. मध्ये केवळ एक तास पन्नास मिनिटे गेली. हे औषध वाया गेले असे समजू नये, कारण पहिल्या दोन तासांतही योनिमार्गातील जिवाणूंची संख्या बरीच घटते. मात्र नोंदीत ते ‘अपुरे’ लिहिले जाते आणि बाळावर अधिक बारकाईने लक्ष ठेवले जाते. चार तास भरावेत म्हणून बाळंतपण लांबवायचे नसते.

अ‍ॅलर्जी असल्यास

लहानपणी इंजेक्शननंतर पुरळ आले होते एवढ्यावरून अनेक स्त्रिया आयुष्यभर ‘पेनिसिलिन चालत नाही’ असे लिहीत असतात, आणि त्यांतील बहुतेकींना आज अ‍ॅलर्जी नसते. म्हणून नेमके काय झाले होते, किती वर्षांपूर्वी, इंजेक्शननंतर किती वेळाने, हे आईला विचारून डॉक्टरांना सांगावे. गरोदरपणातही अ‍ॅलर्जीची त्वचा-चाचणी सुरक्षितपणे करता येते. सौम्य पुरळाचा इतिहास असेल तर सेफाझोलिन देतात: आधी 2 ग्रॅम, मग दर आठ तासांनी 1 ग्रॅम. श्वास कोंडणे किंवा रक्तदाब कोसळणे असे काही झाले असेल तर, जिवाणूवर चालत असल्यास क्लिंडामायसिन, अन्यथा व्हॅन्कोमायसिन देतात. ही दोन्ही औषधे आईला दिली जातात, पण बाळाच्या संरक्षणाच्या हिशेबात ती पेनिसिलिनइतकी पक्की धरत नाहीत. म्हणूनच अ‍ॅलर्जीची शहानिशा नवव्या महिन्याआधी करून घ्यावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

तपासणीच झालेली नसेल तर

महाराष्ट्रात बहुसंख्य स्त्रियांची हीच स्थिती असते. शिवाय सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाण्याची रीत असल्याने कागद एका गावी आणि प्रसूती दुसऱ्या गावी होते. तपासणी नसेल तेव्हा डॉक्टर धोक्याच्या खुणा पाहून औषध देतात: 37 आठवड्यांपूर्वी कळा किंवा पाणी सुरू होणे, पाणी जाऊन 18 तास किंवा जास्त होणे, आणि कळांमध्ये आईला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप येणे. तापाच्या बाबतीत गर्भाशयातील संसर्गावर चालणारी अधिक व्यापक औषधे दिली जातात. ब्रिटनमध्येही सरसकट स्वॅब होत नाही, धोका पाहूनच औषध देतात. तिथे पेनिसिलिनचे प्रमाण युनिटऐवजी ग्रॅममध्ये लिहितात, आधी 3 ग्रॅम आणि मग दर चार तासांनी दीड ग्रॅम.

या पद्धतीची मर्यादा अशी की आजारी पडणाऱ्या अनेक बाळांच्या मातांमध्ये यांपैकी एकही खूण नसते. घरातल्यांनी करण्यासारखी गोष्ट एकच आहे. पाणी किती वाजता गेले ती वेळ घड्याळ पाहून लिहून ठेवावी. ‘रात्री केव्हातरी थोडेसे ओले वाटले’ या उत्तरावरून 18 तासांचा हिशेब करता येत नाही. मला हे उत्तर इतक्यांदा मिळाले आहे की आता मी रात्रीच्या जेवणापासून एकेक प्रसंग विचारत वेळ शोधते.

तिसरी पायरी: जन्मानंतरचे पहिले दोन दिवस

पहिल्या आठवड्यातील आजाराची बहुतेक बाळे पहिल्या 24 ते 48 तासांतच लक्षणे दाखवतात. म्हणून आईला औषध अपुरे मिळाले असेल तर बाळाला साधारण 36 ते 48 तास रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवतात. दर काही तासांनी श्वास, नाडी, तापमान पाहतात, आणि बाळाच्या आठवड्यांनुसार व आईच्या तापानुसार रक्ततपासणी ठरवतात. ‘बाळ तर छान आहे, घरी जाऊ द्या’ असा आग्रह या काळात धरू नये. दुसरीकडे, औषध पुरेसे मिळाले, आईला ताप नव्हता आणि बाळ पूर्ण दिवसांचे व ठीक आहे, तर केवळ आई पॉझिटिव्ह होती म्हणून बाळाला प्रतिजैविके देण्याची गरज नसते.

आईने आणि आजीने पाहायच्या खुणा अशा. बाळ श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज करते, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखाली खड्डा पडतो, मिनिटाला साठाहून जास्त श्वास घेते किंवा श्वास घ्यायचे मध्येच थांबते. आधी नीट चोखणारे बाळ दोन वेळा अंगावर घेत नाही, उठवूनही उठत नाही, हातपाय सैल पडतात. अंग तापते किंवा, नवजात बाळात तितकेच गंभीर, गुंडाळूनही थंड राहते. श्वास मोजताना दुपटे सोडून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. नवजात बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो, त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणले की उत्तर फसवे येते.

पेनिसिलिन घेतलेल्या आईने अंगावर पाजण्यास कोणतीही हरकत नाही. चीक काढून टाकण्याची तर मुळीच गरज नाही.

चौथी पायरी: पेनिसिलिनने न थांबणारा आजार

हा भाग घरी जाताना सर्वांत कमी सांगितला जातो. याच जिवाणूचा दुसरा आजार सातव्या दिवसापासून तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे 89 व्या दिवसापर्यंत होऊ शकतो. कळांमधील औषधाने तो थांबत नाही. अमेरिकेत पहिल्या आठवड्यातील आजार कमी होत गेला, पण हा उशिराचा आजार 2006 ते 2015 या काळात दर हजारी 0.31 च्या आसपासच राहिला. जिवाणू आईकडून किंवा घरातील इतर कोणाच्या हातून येऊ शकतो, आणि स्वॅब निगेटिव्ह असलेल्या आईच्या बाळालाही तो होऊ शकतो. आईसाठी लस चाचण्यांमध्ये आहे. वापरात अजून आलेली नाही. बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुणे एवढेच हाती आहे.

उशिराच्या आजारात मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचे प्रमाण अधिक असते. बाळ किरकिरे होते, उचलून घेतल्यावर शांत होण्याऐवजी जास्त रडते, रडण्याचा सूर बारीक आणि तीक्ष्ण होतो, टाळू उंचवट्यासारखी फुगते, दूध ओढणे कमी होते, नजर एका जागी खिळते किंवा झटके येतात. आपल्याकडे अशा बाळाच्या पोटावर हिंग लावतात, घुटी देतात, दृष्ट काढतात. त्यामागची माया खरी आहे, पण या आजारात तासातासाला फरक पडतो. तीन महिन्यांच्या आतील बाळाला 38 अंशांचा ताप असेल तर घरी पॅरासिटामॉल देऊन उतार पाहू नये, कारण ताप उतरला तरी आजार पुढे सरकत राहतो. रात्र असली तरी सरळ रुग्णालयात जावे. तिथे बाळाचे वय दिवसांत सांगावे, शेवटचे दूध किती वाजता घेतले ते सांगावे, आईचा ग्रुप बी स्ट्रेपचा अहवाल आणि कळांमधील पहिल्या डोसची वेळ लिहिलेला तो कागद दाखवावा, आणि मणक्यातून पाणी काढण्याची परवानगी मागितली तर ती लगेच द्यावी.